डबा उघडणारे हात कुणाचे

दोन वर्षांपूर्वी सणाच्या गर्दीत एका ताईंचा मेसेज आला होता, तो मी अजून फोनमध्ये जपून ठेवलाय. मी घरून सुगंधी मेणबत्त्या बनवते आणि ऑनलाइन विकते. त्या ताईंनी आमच्या दोन मेणबत्त्या भेट म्हणून थेट आपल्या नणंदेच्या पत्त्यावर पाठवल्या होत्या. मेसेज असा होता, "मेणबत्त्या छान आहेत, तिला आवडल्या. पण आतलं कार्ड वाचून ती म्हणाली, वहिनी, ऑफरमध्ये मिळाल्या का? मला फार ओशाळल्यासारखं झालं हो." भांडण नाही, पैसे परत द्या नाही, एवढंच. मी ते वाचलं आणि उरलेल्या कार्डांचा गठ्ठा समोर घेऊन बसले.

कार्डावर काय होतं तर, "तुमच्या ऑर्डरबद्दल मनापासून धन्यवाद! पुढच्या ऑर्डरवर १५ टक्के सूट, कोड FESTIVE15OFF, फक्त १५ दिवस!" खाली इन्स्टाग्रामचं नाव, त्याखाली पाच चांदण्या आणि रिव्ह्यू द्या अशी विनंती. मी स्वतः लिहिलेलं, मोठ्या हौसेने छापून घेतलेलं, ३१० पार्सलांत एकेक टाकलेलं. आता त्या नणंदेच्या डोळ्यांनी वाचायला लागले तर त्यातलं एकही वाक्य तिच्यासाठी नव्हतं. ऑर्डर तिने केलेली नाही, मग धन्यवाद कशाचे? आधीची ऑर्डरच नाही तर 'पुढची' कुठून आली? आणि तिला मिळालेल्या भेटीबद्दल तिला कळलेली पहिली गोष्ट काय, तर हे दुकान सूट देतं.

सणाची ऑर्डर आणि एरवीची ऑर्डर यात हाच मोठा फरक आहे असं मला आता वाटतं. एरवी जो पैसे देतो तोच डबा उघडतो. सणात ही दोन वेगळी माणसं असतात, आणि त्यांच्या मनात त्या क्षणी चाललेलंही वेगळं असतं. विकत घेणाऱ्याला काळजी असते, वेळेत पोचलं का, फुटलं नाही ना, आपली शोभा राहिली ना. उघडणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं, त्याच्या हातात एक जार असतो आणि पाठवणाऱ्याचा विचार असतो. दुकानाचा विचार कुणाच्याच मनात नसतो. पण पुढच्या चार महिन्यांत आपल्याकडे परत येऊ शकतील अशी माणसं हीच दोन, आणि आपण दोघांना मिळून एकच कार्ड देतो, तेही फक्त पहिल्यासाठी लिहिलेलं.

आधी मला वाटलं, सोपं आहे, ऑर्डरच्या पानावर 'ही भेट आहे का?' असा चौकोन टाकू, टिक केली तर वेगळं कार्ड. तो टाकला, पण पुरला नाही. कारण खूप जण टिकच करत नाहीत, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे बरेच जण पार्सल स्वतःच्या घरी मागवतात आणि मग हाताने नेऊन देतात. आपल्या यादीत ते नाव सारखं, पत्ता सारखा, म्हणजे साधी ऑर्डर दिसते, आणि शेवटी तो जार तिसऱ्याच घरात उघडला जातो. त्यामुळे टिक असो नसो, जारच्या बॉक्समध्ये जे कार्ड जाईल ते कुणाच्याही हातात पडलं तरी चालेल असंच पाहिजे.

मार्ग सापडला तो पॅकिंग करताना. माझी वहिनी सणाच्या दिवसांत रात्री पॅकिंगला येते, तिचा हात माझ्यापेक्षा भराभर चालतो. तिने कुरियरच्या खोक्यात बबल रॅपमध्ये गुंडाळलेला जारचा बॉक्स ठेवला, त्यावर बिल ठेवलं आणि म्हणाली, "अगं, बिल वर आणि कार्ड आत का? ज्याचं बिल त्याचंच तर कार्ड आहे ना हे." खोकं दोन थरांचं असतं हे मी रोज बघत होते पण तसं वाचलं नव्हतं. वरचा थर म्हणजे कुरियरचं खोकं, ते घरी मागवलेलं असेल तर विकत घेणाराच उघडतो. आतला थर म्हणजे जारचा बॉक्स, तो शेवटी वापरणारा उघडतो. मग विकत घेणाऱ्याचं पत्र वर, बिलासोबत एका पाकिटात. वापरणाऱ्याचं कार्ड आत, जारला टेकून. आणि पार्सल थेट दुसऱ्याच्या पत्त्यावर जाणार असेल तर वरचं पाकीट टाकायचंच नाही, बिल ईमेलने जातं, आणि पार्सल पोचल्याचं कळलं की विकत घेणाऱ्याला तेच पत्र मेसेजने जातं. ज्याने भेट दिली त्याला 'पोचली, नीट पोचली' हे कळणं हीच त्या क्षणी सगळ्यात हवी असलेली गोष्ट असते, त्यामुळे तो मेसेज जाहिरातीसारखा वाटत नाही.

एक गोष्ट इथेच सांगते. भेट घेणाऱ्याचा फोन नंबर आपल्याकडे येतो तो कुरियरसाठी येतो. त्या नंबरवर नंतर ऑफर पाठवायच्या नाहीत. त्याने तो आपल्याला दिलेलाच नाही. त्याला परत यायचं असेल तर त्याच्याकडे असलेल्या वस्तूवरून त्याला वाट सापडली पाहिजे, ते कसं ते पुढे येतं.

आता शब्द. विकत घेणाऱ्याच्या पत्राचा पहिला मसुदा मी लिहिला तो "आमच्या परिवारात तुमचं स्वागत आहे" असा सुरू होत होता. नंतर "तुम्ही ऑर्डर करता तेव्हा आम्ही आनंदाने नाचतो" असंही एक वाक्य घालून पाहिलं, तसली कार्डं सगळीकडे दिसतात. दोन्ही काढली. एक मेणबत्ती घेतल्याने कुणी कुणाच्या परिवारात येत नाही, आणि सणाच्या दिवसांत आमच्या घरी रात्री एकला कुणी नाचत नाही, आम्ही चिकटपट्टी फाडत असतो. जे खरं आहे ते लिहावं असं ठरवलं तेव्हा वाक्य आपोआप लहान झालं. शेवटी पाकिटात गेलं ते हे:

"नमस्कार. सणाच्या गर्दीत तुम्ही आमच्याकडून मेणबत्ती मागवलीत, त्याबद्दल आभार. ही आम्ही घरी ओतली आणि निदान दहा दिवस मुरवली. कुणाला भेट देणार असाल तर आतला बॉक्स उघडायची गरज नाही, आत किंमत किंवा बिल नाही. जार फुटून आला असेल तर खालच्या नंबरवर फक्त फोटो पाठवा, दुसरा पाठवतो."

या पत्रातलं काम करणारं वाक्य 'आत किंमत किंवा बिल नाही' हे आहे. हे वाचून माणूस निर्धास्त होतो, त्याला बॉक्स उघडून तपासावं लागत नाही, आणि पुढच्या वेळी भेट पाठवायची वेळ आली की हे दुकान भेटीच्या बाबतीत भरवशाचं आहे एवढं त्याच्या लक्षात राहतं. भेट देणाऱ्याला परत आणणारी गोष्ट ही सूट नसतेच बहुतेक वेळा. तो वर्षातून मोजक्या वेळा भेटी देतो आणि प्रत्येक वेळी त्याला फजिती नको असते. फुटलेल्या जारचं वाक्यही तसंच, 'फक्त फोटो पाठवा' यातला 'फक्त' मी मुद्दाम ठेवलाय, कारण तक्रार करायला किती खटाटोप आहे हे माणूस आधी बघतो. अर्थात हे लिहिलं की पाळावं लागतं, आणि सणाच्या आठवड्यात दुसरा जार पाठवायला शिल्लक असावा लागतो, म्हणून दर ३० जारमागे मी एक बाजूला ठेवते.

सूट मात्र मी त्या पत्राच्या शेवटी, एका ओळीत ठेवली, आणि तिची मुदत बदलली. या मुदतीवर मी सगळ्यात जास्त विचार केलाय म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचा जार २०० ग्रॅम मेणाचा. सोया मेण आमच्या वातीने ताशी ५ ग्रॅमच्या आसपास जळतं, म्हणजे ४० तास. तळाशी साधारण एक सेंटिमीटर मेण उरलं की थांबायचं असतं, नाहीतर काच तापते, म्हणून वापरायचे तास धरा ३५. आता कुणी रोज न चुकता दोन तास लावली तरी ती १७ दिवस चालते. आणि रोज कोण लावतं? आठवड्यातून तीन संध्याकाळी दोन-दोन तास धरले तर जवळजवळ सहा आठवडे. आणि मी कार्डावर काय लिहिलं होतं, फक्त १५ दिवस! म्हणजे माझी मेणबत्ती जो सगळ्यात मन लावून वापरेल, त्याचीसुद्धा ती संपायच्या आत माझा कोड संपत होता. त्या पहिल्या वर्षी ३१० पार्सलांमागे तो कोड सहा जणांनी वापरला, आणि त्यातले चार तर त्याच आठवड्यात त्याच सणासाठी आणखी भेटी मागवणारे होते, ते तसेही मागवणारच होते, मी त्यांना उगाच सूट दिली. घाई लावली की लोक विकत घेतात हे दुकानाच्या पानावर खरं असेलही, पण घरात भरलेली मेणबत्ती असताना कुणाला दुसरीची घाई होईल? मुदत कॅलेंडरवर न ठेवता वस्तूच्या आयुष्यावर ठेवायला हवी होती. ज्यांचं काही संपतं, साबण, तेल, क्रीम, त्या सगळ्यांना हे गणित करता येतं. एका माणसाला ते किती दिवस पुरतं ते काढा, त्यात भेट पडून राहण्याचा एक महिना मिळवा, आणि मुदत त्याच्या पुढे जाऊ द्या. मी चार महिने ठेवली आणि छापताना 'फक्त', 'शेवटची संधी' हे शब्द काढले, नुसतं महिन्याचं नाव लिहिलं, अमुक महिन्याच्या अखेरपर्यंत.

कोडही बदलला. FESTIVE15OFF मध्ये १५ च्या पुढे ओ अक्षर आहे की शून्य आहे हे कळत नाही, दोघांनी शून्य टाकून 'चालत नाही' असं कळवलं होतं, आणि न कळवणारे किती असतील कोण जाणे. शिवाय फोनवर टाइप करायला लांब. आता पाकिटातला कोड UJED असा आहे, चार अक्षरं, लहान लिहा मोठी लिहा, चालतो. त्याचं नावही सणाशी बांधलेलं नाही, त्यामुळे सण संपल्यावर तो शिळा वाटत नाही.

आता आतलं कार्ड, उघडणाऱ्याचं. यात आभार नाहीत, सूट नाही, रिव्ह्यूची विनंती नाही. खूप दिवस मला कळत नव्हतं मग यात लिहायचं काय, आणि उत्तर मेणबत्तीतच होतं.

जारमधली मेणबत्ती पहिल्यांदा लावाल तेव्हा वरचं मेण काचेच्या कडेपर्यंत पूर्ण वितळेपर्यंत ती विझवायची नसते. सोया मेणाला पहिल्या वेळची कड आठवते असं आम्ही म्हणतो. अर्ध्या तासात विझवली तर मध्ये वातीभोवती छोटा खड्डा वितळतो, पुढच्या वेळी ज्योत त्याच खड्ड्यात खाली खाली जाते, कडेचं मेण तसंच भिंतीसारखं उभं राहतं, याला टनेलिंग म्हणतात. मग सुगंध कमी येतो, कारण वितळलेलं मेण कमी, आणि शेवटी वात त्या मेणात बुडून विझते. जार अर्धा भरलेला असतो आणि माणूस म्हणतो, चाललीच नाही. तो आपल्याला कळवत नाही, भेट आहे, कुणाला काय सांगणार. तो फक्त परत येत नाही. हे मला कळलं ते मावशीच्या घरी, शोकेसमध्ये माझाच जार दिसला, मध्ये बोटभर खोल भोक आणि कडेला सगळं मेण जसंच्या तसं. मावशी म्हणाली, "छान होती गं, पण लवकर विझायला लागली, मग ठेवून दिली." मी तो घरी आणला, वरून कडेला अ‍ॅल्युमिनियम फॉइल गुंडाळली, मध्ये ज्योतीपुरतं भोक ठेवलं, दोन तास लावली, कडेचं मेण वितळून सपाट झालं, आणि तिला परत नेऊन दिली. ती मेणबत्ती पुढे महिनाभर चालली.

त्या दिवशी ठरलं की आतल्या कार्डावर काय असणार. दुकानाला परत ऑर्डर हवी असेल तर आधी ही मेणबत्ती नीट संपली पाहिजे. न संपलेल्या वस्तूची दुसरी ऑर्डर येत नाही. म्हणून कार्ड असं झालं:

"कुणीतरी तुमची आठवण काढून ही पाठवली आहे. पहिल्यांदा लावाल तेव्हा हाताशी तीन तास ठेवा, मेण कडेपर्यंत वितळू द्या, मग ती शेवटपर्यंत एकसारखी जळेल. दर वेळी लावायच्या आधी वात अर्धा सेंटिमीटर ठेवून कापा. एका वेळी चार तासांपेक्षा जास्त नको, आणि लावून झोपू नका. वर पांढरट डाग दिसले तर काळजी नको, सोया मेणाचा तो स्वभाव आहे. हा सुगंध: पाऊस पडून गेल्यावरची माती."

तीन तास का, तर आमच्या जारचा व्यास साडेसात सेंटिमीटर म्हणजे तीन इंच, आणि एका इंचाला एक तास असा साधारण हिशेब आहे. तुमचा जार लहान असेल तर तास कमी लिहा, मोघम 'काही तास' लिहू नका, आकडा असला की माणूस घड्याळ बघतो. पहिलं वाक्य स्वतःसाठी घेतलेल्यालाही चालावं म्हणून मी ते पुढे बदललं, 'तुमच्या घरी पोचली' एवढंच ठेवलं, आणि भेट आहे अशी खात्री असेल तेव्हाच आधीचं वाक्य वापरते. सुगंधाचं नाव शेवटी आहे ते सजावट म्हणून नाही. दोन महिन्यांनी कुणाला तीच हवी झाली तर तो काय मागणार? भेट मिळालेल्या माणसाला दुकानाचं नाव आठवत नाही, वास आठवतो, आणि त्या वासाला आपण काय म्हणतो ते त्याच्याकडे लिहिलेलं नसेल तर तो शोधू शकत नाही.

पण कार्डाचं एक दुखणं आहे, ते टिकत नाही. चांगलं कार्ड दोन दिवस टेबलावर राहतं, मग बॉक्सबरोबर जातं. मेणबत्ती संपते त्या दिवशी, म्हणजे नेमकं आपण आठवायला हवे त्या दिवशी, घरात आपला एकही शब्द नसतो. म्हणून तिसरी गोष्ट आली, आणि खरं सांगायचं तर तीच आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, जारच्या तळाला चिकटवलेलं चार सेंटिमीटरचं गोल स्टिकर. मेणबत्ती संपली की जार कुणी लगेच टाकत नाही. गरम पाणी ओततात, मेण खरवडतात, पेन ठेवायला किंवा आणि कशाला तरी वापरायचा असतो, आणि तेव्हा तो उलटा होतोच. त्या उलट्या जारवर लिहिलंय:

"संपली? जार धुऊन ठेवा. यात बसणारी रिफिल मिळते. सुगंध: पाऊस पडून गेल्यावरची माती. VAAT"

VAAT हा ऑर्डर करताना टाकायचा कोड, बाजूला क्यूआर कोड. एवढंच. रिफिल म्हणजे वातीसकट मेणाची वडी, जारच्या मापाची, ती आत सरकवायची. काच नाही म्हणून वजन निम्म्याहून कमी, पाठवायचा खर्च कमी, फुटायची भीती नाही, त्यामुळे ती जारपेक्षा स्वस्त पडते आणि तिच्यावर सूट द्यावी लागत नाही, ती खरोखरच स्वस्त असते. स्वस्त का ते लोकांना पटतं, आणि पहिल्या भेटीची किंमतही त्यातून उघडी पडत नाही. फक्त जार सरळ भिंतीचा पाहिजे, वर निमुळता असेल तर वडी आत जात नाही. आमचे आधीचे जार गळ्यापाशी थोडे आत वळलेले होते, रिफिलसाठी ते बदलावे लागले.

स्टिकरच्या पहिल्या खेपेत दोन चुका झाल्या. कागदी स्टिकर गरम पाण्याने सोललं गेलं, म्हणजे ज्या क्षणासाठी लावलं त्याच क्षणी गेलं, मग प्लास्टिकसारखं न भिजणारं, विनाइलचं घेतलं. आणि क्यूआर कोड मी एक सेंटिमीटरचा ठेवला होता, चारी बाजूंनी अक्षरं अगदी चिकटून, बऱ्याच फोनना तो वाचताच येईना. आता दोन सेंटिमीटरचा आहे, भोवती पांढरी मोकळी पट्टी आहे, आणि छापायच्या आधी जुना फोन, नवा फोन, कमी उजेड असं सगळं करून बघते. क्यूआर ज्या पानावर नेतो ते पानही आपल्याच वेबसाइटचं हवं. फुकटच्या सेवांचे काही कोड ठरावीक दिवसांनी बंद पडतात, आणि आपलं स्टिकर तर चार महिन्यांनी वाचलं जाणार असतं.

रिव्ह्यूचं काय, असं मला विचारतात. मी आतल्या कार्डावरून ते पूर्ण काढलं, एका कार्डावर एकच मागणं असावं या मताची मी झाले आहे, चार मागितली की चारही राहतात. तुम्ही मार्केटप्लेसवर विकत असाल तर तिथले नियम वाचूनच कार्ड लिहा. अमेझॉनवर चांगला रिव्ह्यू दिलात तर सूट देऊ असं कार्ड टाकणं किंवा कार्डावरून गिऱ्हाईक आपल्या वेबसाइटवर वळवणं चालत नाही, खातं बंद होऊ शकतं. तिथे जाणाऱ्या जारवर माझं स्टिकर वेगळं असतं, त्यावर फक्त कशी वापरायची ते आणि सुगंधाचं नाव.

हाताने लिहायचं की छापायचं, यावर माझं मत पक्कं आहे, छापा, आणि वर नाव तेवढं हाताने लिहा. पूर्ण कार्ड लिहायला मला चार मिनिटं लागतात, नाव आणि सही ४० सेकंदांत होते. ३०० कार्डांना तेही तीन तास वीस मिनिटं होतात, म्हणजे एक अख्खी रात्र, पण ती मी देते. कार्ड चकचकीत लॅमिनेशनचं घेऊ नका, जेल पेनची शाई त्यावर पुसली जाते, मॅट किंवा साधा जाड कागद घ्या. सण आणि वर्ष छापू नका, उरलेली कार्डं पुढे कामाला येतात.

गेल्या वर्षी हे सगळं एकत्र लावून २८० पार्सलं गेली. चार महिन्यांत पाकिटातला UJED १३ जणांनी वापरला, तळाच्या स्टिकरवरचा VAAT २१ जणांनी, आणि त्या २१ मधली आठ नावं आमच्या यादीत आधी कुठेच नव्हती. म्हणजे ही भेट मिळालेली माणसं. ती नावं मी पुन्हा पुन्हा वाचली.

पण यावरून 'शब्द बदलले म्हणून झालं' असं मी म्हणू शकत नाही, कारण त्याच वर्षी रिफिल आली, जार बदलला, मुदत बदलली. आणि कोड किती वापरले हा आकडाही पूर्ण खरं सांगत नाही, काही जण कोड न टाकताच परत येतात आणि काही जण कोड नसता तरी आलेच असते. म्हणून यंदा मी दोन कामं करणार आहे. ऑर्डरच्या यादीत गेल्या सणातली नावं पुन्हा दिसतात का ते कोड न बघता मोजणार, आणि स्टिकरवरची फक्त एकच ओळ बदलणार. ऑर्डर नंबर विषम असेल तर 'संपली? जार धुऊन ठेवा' आणि सम असेल तर 'जार टाकू नका, यात नवीन मेणबत्ती बसते', बाकी शब्द, रंग, कोडचा आकार सगळं सारखं. दोन्हीकडे १४० च्या आसपास पार्सलं जातील, त्यात एकीकडे १० आणि दुसरीकडे १४ आले तर तो फरक मी धरणार नाही, एवढ्या कमी संख्येत तो नुसता योगायोगही असू शकतो. दुप्पट-तिप्पट दिसला तरच ओळ बदलायची.

वहिनीला दुसरी ओळ आवडली आहे. ती म्हणते, 'संपली?' वाचून वाईट वाटतं, 'टाकू नका' वाचून हात थांबतो. स्टिकरांचे दोन गठ्ठे आज आलेत, सम-विषम चुकू नये म्हणून तिने एका गठ्ठ्याला लाल दोरा बांधलाय आणि उद्या रात्री पहिली ४० पार्सलं बांधायची आहेत.